सेल्युलायटिस: पेनाची रेषा काय सांगते आणि काय सांगत नाही

पाय लाल झाला, सुजला, हात लावला तर गरम लागतोय, दुखतोय, डॉक्टरांनी बघून सेल्युलायटिस सांगितलं, अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, आणि जाता जाता पेनाने लालीच्या कडेकडेने एक रेषा मारून म्हणाले की याच्या बाहेर गेलं तर लगेच या. हे बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. सल्ला चांगलाच आहे. पण घरी आल्यावर सगळं घर त्या रेषेकडेच बघत बसतं, आणि मग दोन्ही बाजूंनी गडबड होते. रेषा जरा ओलांडली की रात्री दोन वाजता पळापळ, आणि रेषेच्या आत असलं की पेशंट ग्लानीत असला तरी "लाली वाढली नाहीये ना, मग झोपू दे त्यांना". दुसरी गडबड जास्त महागात पडते, म्हणून हे जरा नीट समजावून सांगतो.

आधी आत काय चाललंय ते बघू. कातडीला कुठेतरी फट पडलेली असते, बहुतेक वेळा इतकी बारीक की लक्षातही येत नाही. पायाच्या सेल्युलायटिसमध्ये ती फट खूपदा बोटांच्या बेचक्यात सापडते, चिखल्यांमुळे पांढरी पडून चिरलेली कातडी. किंवा खाजवलेला किडा चावल्याचा फोड, टाचेची भेग, जुनी जखम. तिथून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस, आणि गळू किंवा पू असेल तर जास्त करून स्टॅफिलोकॉकस, आणि कातडीच्या खालच्या थरात आणि त्याखालच्या चरबीत पसरायला लागतात. त्यांना अडवायला शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून लाली, गरमपणा, सूज आणि दुखणं. म्हणजे आपल्याला वरून जी लाली दिसते ती जंतू नाहीत, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

कारण असं की अँटिबायोटिक सुरू झाल्यावर जंतू मरतात तेव्हा फुटतात, त्यांच्यातले पदार्थ बाहेर पडतात आणि शरीराची प्रतिक्रिया थोडा वेळ उलट वाढते. त्यामुळे पहिल्या २४ तासांत, कधी कधी ४८ तासांपर्यंत, लाली रेषेच्या थोडी बाहेर जाणं हे औषध लागू पडत असतानाही होऊ शकतं. आणि जंतू खोल गेले असतील तर वर काहीच फरक दिसत नाही असंही होऊ शकतं. भिंतीच्या आत ओल वरपर्यंत चढलेली असते आणि बाहेर रंगावर फक्त छोटासा डाग दिसतो, तसलाच प्रकार.

आता एक उदाहरण घेऊ. समजा ५८ वर्षांचे एक काका आहेत, वजन जरा जास्त, पायाला चिखल्या नेहमीच्याच. सोमवारी दुपारी एकदम हुडहुडी भरून ताप आला, पायाला तेव्हा काहीच नव्हतं (हे असं होतं बरं का, थंडीताप आधी आणि लाली काही तासांनी, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना वाटतं व्हायरल आहे). संध्याकाळी नडगीवर तळहाताएवढा लाल, गरम पट्टा दिसला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रेषा मारली, शेजारी वेळ लिहिली, रात्री ८. आता मंगळवारी सकाळी ८ वाजता काय दिसतंय त्याचे दोन प्रकार सांगतो.

पहिला प्रकार: लाली रेषेच्या दोन बोटं बाहेर गेलीये. पण ताप उतरलाय, रात्री झोप लागली, ठणका कमी आहे, काका स्वतः उठून बाथरूमला जाऊन आले, चहा मागतायत, बोलणं नेहमीसारखं. पाय दाबला तर लालीवर दुखतं, लालीच्या बाहेर दाबलं तर काही नाही. इथे डॉक्टरांना फोन करून सांगायचं की रेषा ओलांडलीये पण बाकी बरं आहे, नवीन कडेला दुसरी रेषा मारायची, वेळ लिहायची, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि गोळ्या चालू ठेवायच्या. बहुतेक वेळा बुधवारपर्यंत लाली थांबते आणि फिकट व्हायला लागते.

दुसरा प्रकार: लाली जेमतेम अर्धं बोट सरकलीये. घरच्यांना हायसं वाटलं. पण काका रात्रभर कण्हत होते, तापाची आणि दुखण्याची गोळी घेऊनही दुखणं तसूभर कमी नाही, चादर घासली तरी ओरडतात. लालीच्या चार बोटं वर, जिथे कातडी अगदी नॉर्मल दिसतेय, तिथे दाबलं तरी कळ येते. पोटरी दाबली तर मऊ लागत नाही, कडक लाकडासारखी लागते. नाडी मिनिटाला ११८, श्वास २४, रात्रीपासून लघवी एकदाच आणि तीही थोडीशी, प्रश्न विचारला तर उत्तर उशिरा देतात. या काकांना आत्ता, याच मिनिटाला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं आहे. संध्याकाळच्या ओपीडीत नाही, पुढची गोळी घेऊन बघू असंही नाही.

दोघांत रेषेवरून बघितलं तर पहिले काका जास्त सिरियस वाटतील, आणि नेमकं उलटं आहे.

दुसऱ्या काकांमध्ये ज्या दोन गोष्टींची भीती आहे त्यातली पहिली म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिस. चरबीच्या खाली, स्नायूंवर एक पांढरट पडदा असतो, त्याला फॅशिया म्हणतात. इन्फेक्शन या पडद्यापर्यंत पोचलं की तिथून ते आडवं झपाट्याने पसरतं, कारण या पडद्याचा रक्तपुरवठाच मुळात कमी, जंतूंना अडवणारं फारसं कोणी नाही. वाटेत बारीक रक्तवाहिन्या गुठळ्या होऊन बंद पडतात, वरच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, आणि एकदा रक्त पोचेना की अँटिबायोटिकसुद्धा तिथे पोचत नाही. म्हणून यात नुसत्या औषधाने भागत नाही, मेलेला भाग ऑपरेशन करून काढावाच लागतो, आणि इथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. हे दुर्मिळ आहे, बहुतेक सेल्युलायटिस गोळ्यांनी बरे होतात हेही तितकंच खरं. पण सुरुवातीला दोन्ही अगदी सारखे दिसतात, तीच तर अडचण आहे.

सुरुवातीला ओळखायची सगळ्यात कामाची खूण म्हणजे दिसतंय त्या मानाने दुखणं खूप जास्त असणं. वरून थोडीशी लाली आणि माणूस कळवळतोय, हे जमत नाही, मग काहीतरी खोल चाललंय असं धरायचं. दुसरी खूण, सूज आणि दुखणं लालीच्या कडेच्या बाहेरपर्यंत पसरलेलं असणं. साध्या सेल्युलायटिसमध्ये दुखरा भाग आणि लाल भाग साधारण एकच असतो. म्हणून मी तर म्हणेन रेषा मारताना लालीची एक मारा आणि बोटाने हलकं दाबत दाबत जिथपर्यंत दुखतं तिथे ठिपक्या ठिपक्यांची दुसरी मारा. या दोन रेषांमध्ये अंतर पडायला लागलं की ते रेषा ओलांडण्यापेक्षा जास्त काळजीचं. तिसरं म्हणजे वेग. दिवसभरात बोटभर सरकणं वेगळं आणि तुम्ही बघताय तासा-दोन तासांत लाली हातभर वर गेली हे वेगळं.

यानंतर ज्या खुणा येतात त्या कोणालाही घाबरवतील अशाच असतात, कातडी जांभळी, राखाडी किंवा काळीनिळी पडणं, त्यावर रक्ताळ किंवा काळपट पाण्याचे मोठे फोड, दाबल्यावर कातडीखाली चरचर वाजल्यासारखं वाटणं (आत गॅस झालेला असतो), घाणेरड्या वासाचा पातळ राखाडी स्राव. पण यांची वाट बघत बसायचं नाही, तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आणि चरचर नाही म्हणजे फॅसायटिस नाही असंही नाही, खूप पेशंटमध्ये ती कधीच वाजत नाही. एक गोष्ट मात्र फसवी आहे, ती लक्षात ठेवा: आधी भयंकर दुखत होतं आणि मग तिथे अचानक बधिर झालं, दुखणं थांबलं. घरचे म्हणतात चला बरं वाटतंय. लाली, सूज कमी न होता दुखणं एकदम गायब झालं तर ती सुधारणा नाही, तिथल्या नसा मेल्यामुळे कळायचं बंद झालेलं असतं.

दुसरी भीती सेप्सिसची. इथे पाय कसा दिसतो यापेक्षा माणूस कसा आहे ते बघायचं. इन्फेक्शनला दिलेली शरीराची प्रतिक्रिया इतकी बेफाम होते की किडनी, फुप्फुसं, मेंदू असे अवयव बिघडायला लागतात. घरी बघता येण्यासारख्या गोष्टी आहेत. पेशंट शांत पडलेला असताना मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, १०० च्या वर असेल तर लक्ष द्या. ताप असला की नाडी वाढतेच हे खरं, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा, ताप उतरला आणि नाडी तशीच ११०-१२० तर ते चांगलं नाही. श्वास मोजताना त्यांना सांगू नका, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो, नाडी बघतोय असं दाखवून छातीकडे बघत मोजा. मिनिटाला २२ च्या आसपास किंवा वर म्हणजे काळजीचं. (हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, लहान मुलांची नाडी आणि श्वास मुळातच जलद असतात, त्यांना हे लावू नका. मूल सुस्त पडलंय, पीत नाहीये, हाका मारून जागं होत नाहीये, हे बघायचं.) घरी बीपीचं मशीन असेल तर वरचा आकडा १०० च्या खाली, किंवा नेहमीपेक्षा एकदम खूप कमी. थर्मामीटरवर १००.४ च्या वर ताप तर आहेच, पण ९६.८ च्या खाली उतरणं हे उलट जास्त वाईट असू शकतं, म्हणजे "ताप नाहीये" यावर समाधान मानायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना तर कित्येकदा तापच येत नाही, ते फक्त गोंधळतात, दिवस कुठला ते चुकतं, बरळतात, नाहीतर नुसतेच झोपून राहतात आणि सगळ्यांना वाटतं थकलेत.

आणि लघवी. हे कोणी विचारतच नाही. आठ-दहा तासांत लघवीच झाली नाही किंवा अगदी थोडी आणि गडद झाली, हातपाय गार पडलेत, कातडीवर जाळीसारखे निळसर चट्टे, उभं राहिल्यावर चक्कर, यातलं काहीही लाल पायाबरोबर असेल तर सरळ इमर्जन्सी.

लाल रेघांबद्दल पण बोलू, कारण त्याची भीती सगळ्यांना असते. नडगीवरच्या लालीपासून मांडीकडे, किंवा हातावरून काखेकडे, एक बारीक लाल रेघ वर चढताना दिसते. लोक म्हणतात विष हृदयाकडे चाललंय. तसं नाही, इन्फेक्शन लिम्फच्या नळ्यांमधून वर सरकतंय असा त्याचा अर्थ. जांघेत किंवा काखेत अवधाण येतं, दुखरी गाठ, ते त्याच वाटेवरचं. नुसतं अवधाण आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ती गाठ तिचं कामच करतेय. पण रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि रेघेबरोबर थंडी वाजून ताप असेल तर रात्र काढायची नाही.

एक गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ही सगळी "लाली" गोऱ्या कातडीवर दिसते तशी सावळ्या किंवा काळ्या कातडीवर दिसत नाही. तिथे ती गडद तपकिरी, जांभळट, किंवा नुसती चकचकीत ताणलेली कातडी अशी दिसते, आणि कड शोधणं कठीण जातं. अशा वेळी हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पाय एकाच उंचीवर तपासा, गरमपणा कुठे संपतो तिथे रेषा मारा. आणि दर वेळी पाय एकाच स्थितीत ठेवून बघा, एकदा खाली सोडलेला आणि एकदा उशीवर असं केलंत तर पाय खाली सोडल्यावर तो लालबुंद दिसणारच, उगाच वाढलं असं वाटेल. फोटो काढायचे तर त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून.

डायबेटिस असलेल्यांसाठी वरचं दुखण्याचं गणित लागू पडेलच असं नाही. पायाच्या नसा कमजोर झाल्या असतील तर आत खोल इन्फेक्शन असूनही फारसं दुखत नाही. त्यांच्यात कधी कधी पहिली खूण म्हणजे कारण नसताना शुगर एकदम वाढते आणि इन्सुलिन, गोळ्या घेऊनही खाली येत नाही. म्हणून डायबेटिस आणि पायाची लाली हे एकत्र असेल तर रेषा मारून वाट बघणं वगैरे काही नाही, पहिल्याच दिवशी दाखवायचं. केमोथेरपी चालू असलेले, रोज स्टेरॉइड घेणारे, लिव्हर खराब असलेले, यांनाही हेच. लिव्हर खराब असलेल्या माणसाच्या जखमेला समुद्राचं किंवा खाडीचं पाणी लागून नंतर लाली आणि फोड आले तर त्याला व्हिब्रिओ नावाचा जंतू कारण असू शकतो, तो काही तासांत माणसाला खाली आणतो, तेव्हा डॉक्टरांना पाण्याचं आवर्जून सांगा.

काही जागा अशा आहेत की तिथे लाली किती पसरली याला महत्त्वच नाही. डोळ्याची पापणी सुजलीये हे एक, पण डोळा हलवताना दुखतो, दोन दोन दिसतं, अंधुक दिसतं, बुबुळासकट डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, म्हणजे इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत गेलंय, तिथून मेंदू लांब नाही. हाताचं बोट संपूर्ण सुजलंय, अर्धवट वाकवूनच ठेवलंय आणि दुसऱ्याने सरळ करायला गेलं की जीव जातो, म्हणजे स्नायूबंधाच्या म्यानात पू झालेला असू शकतो, उशीर झाला तर बोट कायमचं अडकतं. जबड्याखाली सूज, तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, इथे श्वासाची वाटच बंद होऊ शकते. आणि जांघ, गुप्तांग, गुदद्वाराजवळची दुखरी सूज, जी माणसं लाजेने दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि हा भाग फार झपाट्याने सडतो. लाजू नका, डॉक्टरांना त्यात काही नवीन नसतं.

घरी काय करू नये हेही थोडक्यात. गरम शेक, जोरात मालिश, सुईने फोड फोडणं नको. आधीची पडलेली खाजेची स्टेरॉइडची ट्यूब तर अजिबात नको, त्याने लाली फिकी पडते आणि जंतू मोकाट सुटतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, ताप आणि ठणका दबला की बिघडतंय हे कळायची खूणच झाकली जाते, किडनीवर ताण येतो ते वेगळंच. ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि फक्त एका पोटरीला सूज आणि दुखणं आहे, ताप नाही, लाली फारशी नाही, त्यात अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर हे इन्फेक्शन नसून शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तीही इमर्जन्सीच.

४८ ते ७२ तास गोळ्या नीट घेऊनही काहीच फरक नाही, माणूस बरा आहे पण पाय तसाच, तर परत दाखवायचं. कधी जंतूला ते औषध लागू पडत नसतं, कधी आत पू साठलेला असतो आणि तो चीर देऊन काढल्याशिवाय काहीही घेतलं तरी उपयोग नाही, कधी मुळात सेल्युलायटिसच नसतं. दोन्ही पाय एकदम सारखेच लाल झाले असतील तर बरेचदा शिरांमध्ये रक्त साचल्याचा प्रकार असतो.

इमर्जन्सीत गेल्यावर ही माहिती पटापट सांगता आली तर खूप वेळ वाचतो: पहिली थंडी कधी वाजली, लाली कधी दिसली, पहिली रेषा किती वाजताची, कोणती गोळी किती डोस घेतली, कशाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, आणि शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं, कारण लगेच ऑपरेशन लागलं तर भूल देणारे डॉक्टर पहिलं तेच विचारतात. डॉक्टरांना फॅसायटिसची दाट शंका आली तर ते सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू करून सर्जनला बोलवतील, आणि सर्जन कधी कधी सीटी स्कॅनसाठी न थांबता सरळ चीर देऊन आत बघायचं म्हणतात. नातेवाईक इथे अडतात, आधी रिपोर्ट तरी येऊ द्या म्हणतात. पण स्कॅन किंवा एक्स-रे नॉर्मल आला तरी फॅसायटिस नाही असं ठामपणे सांगता येत नाही, चीर दिल्यावर मात्र कळतं, निरोगी पडदा चकचकीत आणि घट्ट चिकटलेला असतो, सडलेला राखाडी पडतो आणि बोटाने सहज सुटत जातो. पहिल्या ऑपरेशननंतर साधारण दिवसभरात परत उघडून बघतात, त्याला "पहिलं ऑपरेशन फसलं" असं समजू नका, ते ठरलेलंच असतं.